गाळायचं शून्य

शेजारच्या काकूंचा धाकटा मुलगा सप्टेंबरात शिकायला इंग्लंडला, लीड्सला गेला. तिथे पोचल्यावर दोन-तीन दिवसांनी त्याने घरमालकाच्या फोनवरून घरी फोन केला, स्वतःच्या नव्या सिमकार्डाचा नंबर तोंडी सांगितला आणि काकूंनी तो कालनिर्णयच्या पाठीवर लिहून घेतला. अकरा आकडे होते. सुरुवात शून्यापासून. संध्याकाळी काकूंनी ते अकरा आकडे जसेच्या तसे मोबाइलवर दाबले. रिंग वाजली. पलीकडून एक पुरुष म्हणाला, "हाँ जी, कौन?"

"माझ्या मुलाचा फोन तुमच्याकडे कसा?" काकूंनी विचारलं. त्याने फोन ठेवला. काकूंनी पुन्हा लावला, पुन्हा तोच माणूस. पाच मिनिटांत त्या माझ्या दारात उभ्या होत्या. "अगं, त्याचा फोन चोरीला गेलाय बहुतेक. कोणीतरी हिंदी बोलणारा उचलतोय."

फोन चोरीला गेला नव्हता, आणि नंबर लिहून घेण्यातही काकूंची काही चूक झाली नव्हती. काकूंचा फोन इंग्लंडला पोचलाच नव्हता. तो भारतातल्याच कुणाला तरी लागला होता. असं का होतं हे एकदा समजलं की परदेशातला कुठलाही नंबर लावता येतो, म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

मुलाचा खरा नंबर इथे देणार नाही. ब्रिटनच्या दूरसंचार नियामक संस्थेने, ऑफकॉमने, नाटक-मालिकांत दाखवायला काही नंबर राखून ठेवले आहेत. ते तिकडे कुणालाच दिले जात नाहीत. त्यातलाच एक घेऊ:

```
07700 900123
```

ब्रिटनमध्ये मोबाइल नंबर असाच लिहितात, असाच सांगतात आणि देशातल्या देशात असाच लावतात. पहिलं शून्य तिथे नंबराचाच एक भाग असल्यासारखं बोललं जातं. आपल्याकडे मोबाइल नंबर म्हणजे दहा आकडे, त्यांची सुरुवात 6, 7, 8 किंवा 9 ने. शून्य असतं, पण ते लावायचं की नाही हे फोन कुठून करताय त्यावर ठरतं. लँडलाइनवरून मोबाइलला लावताना १५ जानेवारी २०२१ पासून ते सगळीकडे सक्तीचं झालं. मोबाइलवरून मोबाइलला लावताना त्याची गरज नसते, पण चुकून लावलं तरी फोन जातोच.

आता वरचा नंबर भारतीय यंत्रणेच्या नजरेने वाचा. आधी एक शून्य, मग 7 ने सुरू होणारे दहा आकडे. हा तर अगदी रीतसर भारतीय मोबाइल नंबर झाला! काकूंच्या मोबाइल कंपनीने तो तसाच वाचला आणि ते दहा आकडे भारतात ज्याच्या नावावर होते त्याला रिंग दिली. ब्रिटनमधले सगळे मोबाइल नंबर 07 ने सुरू होतात आणि शून्यासकट अकराच आकडी असतात, त्यामुळे हा घोटाळा कुठल्याही ब्रिटिश मोबाइल नंबराच्या बाबतीत होऊ शकतो. म्हणून वरचा नमुन्याचा नंबरही भारतातून तसाच फिरवून बघू नका. तिकडे तो कुणाचाच नसला तरी इकडे कुणाचा तरी असू शकतो.

लँडलाइनच्या बाबतीत हीच गंमत पुणेकरांना आणखी जवळून दिसेल. पुण्याचा एसटीडी कोड 020, पुढे आठ आकडे. लंडनचाही कोड २००० सालापासून 020 आणि पुढे आठच आकडे. लंडनमधल्या दुकानाच्या पाटीवरचा नंबर भारतातून तसाच लावला, तर यंत्रणा तो पुण्यातच शोधू लागेल. अंकांत काही फरक नाही. फरक आहे तो ते अंक कुठल्या देशात उभं राहून दाबले याचा. पाटीवर शून्यासकट लिहिलेला नंबर हा घरातल्या घरात हाक मारायच्या नावासारखा असतो. "बंड्या" म्हटलं की घरात एकच जण ओ देतो, पण गावात दहा बंडू असतात.

मग ते शून्य आलं कुठून?

ज्यांना ट्रंक कॉल आठवतात त्यांना हे सांगणं सोपं आहे. गावातल्या गावात फोन करायचा तर स्वतः नंबर फिरवता येई. दुसऱ्या गावी करायचा तर एक्स्चेंजला फोन करून ट्रंक बुक करायचा आणि मग रिंगची वाट बघत बसायचं. दोन गावांची एक्स्चेंज जोडणाऱ्या मुख्य तारा म्हणजे ट्रंक लाइनी, आणि त्या जोडून देणारी एक ऑपरेटर. पुढे हे काम यंत्र करू लागलं. ब्रिटनमध्ये १९५८ च्या डिसेंबरात राणी एलिझाबेथ यांनी ब्रिस्टलहून एडिंबराला असा पहिला फोन लावला. भारतात १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्यात ही सोय सुरू झाली. एसटीडी ती हीच.

यंत्र आलं तेव्हा एक अडचण आली. ग्राहक नंबर फिरवायला लागला की तो गावातला नंबर फिरवतोय की परगावचा, हे यंत्राला पहिल्याच आकड्यावरून कळायला हवं. म्हणून शून्य राखून ठेवलं. गावातला कुठलाच नंबर शून्याने सुरू होणार नाही असं ठरलं. पहिला आकडा शून्य आला की एक्स्चेंजने समजायचं, याला गावाबाहेर जायचंय, याला ट्रंक लाइनवर सोडा. पुढच्या आकड्यांवरून कुठल्या गावाला ते ठरेल. नाशिकचा कोड खरं तर 253, कोल्हापूरचा 231, मुंबईचा 22. आपण 0253, 0231, 022 म्हणतो, कारण शून्य दाबल्याशिवाय त्या गावांना फोन लागतच नसे आणि मग ते शून्य कोडला कायमचं चिकटून बसलं. दूरसंचारवाले आजही त्याला ट्रंकचं शून्य म्हणतात.

म्हणजे हे शून्य लीड्समधल्या मुलाच्या नंबराचं नाहीच. ब्रिटनच्या आतून फोन करणाऱ्याने तिथल्या यंत्रणेला केलेली ती खूण आहे. काकू पुण्यात आहेत. त्यांना ब्रिटिश यंत्रणेला खूण करायची नाही, त्यांना आधी भारताबाहेर पडायचंय. त्यासाठी खूण वेगळी.

भारतातून बाहेर पडायची खूण म्हणजे 00. एसटीडी बूथच्या पिवळ्या पाट्यांवर जे आयएसडी लिहिलेलं असे, ते सुरू व्हायचं ते या दोन शून्यांनी. ब्रिटनमध्ये, युरोपच्या बऱ्याच भागात आणि आखाती देशांतही 00 च चालतं. पण सगळीकडे नाही. अमेरिकेतून बाहेर फोन करायचा तर 011, ऑस्ट्रेलियातून 0011, जपानमधून 010, मॉरिशसमधून 020. (हो, पुन्हा 020. तिथे ती देशाबाहेर पडायची खूण आहे.) प्रवासात देश बदलला की ही खूण बदलते, आणि ती लक्षात ठेवणं कुणालाच शक्य नाही.

अधिक चिन्ह आहे ते यासाठी. `+` हा आकडा नाही. "मी आता पूर्ण आंतरराष्ट्रीय नंबर देतोय, देशाबाहेर पडायची तुमची जी काही खूण असेल ती तुम्हीच वापरा", एवढं तो मोबाइलच्या यंत्रणेला सांगतो. पुण्यात दाबलं तर त्याचं काम 00 सारखं, न्यूयॉर्कमध्ये दाबलं तर 011 सारखं. म्हणून `+` लावून साठवलेला नंबर जगात कुठूनही तसाच चालतो. स्मार्टफोनच्या कीपॅडवर शून्याच्या खाली बारीक `+` दिसतं. शून्य दाबून धरलं की ते उमटतं. बटणांच्या साध्या फोनवर बहुधा तारांकनाचं बटण पटकन दोनदा दाबावं लागतं. लँडलाइनला हे चिन्हच नाही, तिथे 00 लावण्याला पर्याय नाही.

`+` नंतर देशाचा कोड. हे कोड जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या योजनेतून आलेले आहेत आणि त्यांची रचना फार सुंदर आहे. ते एक, दोन किंवा तीन आकडी असतात. मग यंत्राला कसं कळतं, की कोड कुठे संपला आणि नंबर कुठे सुरू झाला? मध्ये रेघ नाही, मोकळी जागा नाही. आपण दिसायला सोडलेली मोकळी जागा यंत्र बघतच नाही. उत्तर असं, की कुठल्याही देशाचा कोड दुसऱ्या देशाच्या कोडची सुरुवात नसतो. यंत्र एकेक आकडा वाचत जातं. 4 आला: अजून काही ठरत नाही, 40 म्हणजे रोमेनिया असेल, 41 म्हणजे स्वित्झर्लंड. दुसराही 4 आला: ब्रिटनकडे. आता तिसऱ्या आकड्याची वाट बघायचं कारण नाही, कारण 44 ने सुरू होणारा तीन आकडी कोड नाहीच. उलट 97 वर थांबता येत नाही; 971 संयुक्त अरब अमिराती, 972 इस्रायल, 977 नेपाळ. आणि 9 नंतर 1 आला की भारत, तिथेच कोड संपला.

आता काकूंचा नंबर बांधू. आधी `+`. मग ब्रिटनचा 44. मग मुलाने सांगितलेला नंबर, पहिलं शून्य काढून: 7700 900123. सगळं मिळून:

```
+44 7700 900123
```

लँडलाइनवरून करायचा असेल तर `+` च्या जागी 00, म्हणजे 0044 7700 900123. इथे एक गोष्ट नीट बघा. 0044 मधली दोन शून्यं राहिली आणि 07700 मधलं एक गेलं. "शून्य काढा" एवढंच कुणी सांगितलं तर नेमकं कुठलं, हा गोंधळ होतोच. पुढची दोन शून्यं आपल्या देशातून बाहेर पडायची आहेत. ती आपल्या बाजूची, ती हवीतच. काढायचं ते त्यांच्या देशातलं, कोडनंतर येणारं शून्य. आणि एकच काढायचं. नंबराच्या पोटात, 7700 मध्ये किंवा 900 मध्ये जी शून्यं आहेत त्यांना हात लावायचा नाही.

काकूंचा भाचा दुसऱ्या दिवशी आला होता. त्याला 44 माहीत होतं, शून्याचं माहीत नव्हतं. त्याने +44 07700 900123 असं लावलं आणि "हा नंबर अस्तित्वात नाही" अशा अर्थाची ध्वनिफीत ऐकू आली. काय झालं असेल? फोन ब्रिटनच्या दारात पोचला. 44 पुढे तिथल्या यंत्रणेला देशातला दहा आकडी नंबर हवा होता. तिला मिळाले अकरा, आणि पहिला शून्य. देशात शिरलेल्या फोनला गावाबाहेर पडायची खूण कशाला, ती खूण तिथे निरर्थकच. काही यंत्रणा अशा वेळी ते शून्य आपणहून गाळतात आणि फोन लागूनही जातो. त्यामुळे "माझा तर शून्यासकट लागतो" असं सांगणाराही भेटतो, आणि त्याचं ऐकून दुसरा फसतो. शून्य गाळून लावलेला नंबर मात्र कुठल्याही कंपनीवरून लागतो.

उलट चूक अशी, की शून्य काढलं, `+` लावलं, पण 44 विसरलं: +7700 900123. आता यंत्र 7 वर येऊन थांबतं, कारण 7 हा एक आकडी कोड आहे, रशिया आणि कझाकस्तानचा. फोन निघाला मध्य आशियाकडे. आपल्याच दहा आकडी मोबाइल नंबरापुढे 91 न घालता नुसतं `+` लावलं तरी हेच होतं. नंबर 98 ने सुरू होत असेल तर तो इराणचा ठरतो, 94 ने असेल तर श्रीलंकेचा, 81 ने असेल तर जपानचा. आकडे कमी-जास्त भरत असल्याने असा फोन बहुतेक वेळा लागत नाही, पण फोनच्या पडद्यावर अचानक इराणचं नाव दिसलं तर कारण हेच समजावं.

न लागलेल्या फोनचं निदान बऱ्याचदा काय ऐकू आलं यावरून होतं. अनोळखी माणसाने आपल्याच देशातली भाषा बोलत उचलला, तर `+` आणि कोड राहिला. नंबर चुकीचा आहे अशी ध्वनिफीत आली, तर कोडनंतरचं शून्य बघा, मग आकडे मोजा. ब्रिटनसाठी 44 नंतर दहा आकडे भरले पाहिजेत, अमिरातीच्या मोबाइलसाठी 971 नंतर नऊ, ऑस्ट्रेलियासाठी 61 नंतर नऊ. जगातला कुठलाही पूर्ण नंबर, देशाचा कोड धरून, पंधरा आकड्यांपेक्षा मोठा नसतो. आणि ही सेवा तुमच्या कार्डावर उपलब्ध नाही, बॅलन्स अपुरा आहे, असं सांगितलं गेलं तर नंबर पुन्हा पुन्हा तपासून उपयोग नाही. भारतातल्या रोजच्या रिचार्जमधले "अनलिमिटेड" कॉल देशातल्या देशात असतात. परदेशी कॉलला वेगळा बॅलन्स किंवा पॅक लागतो, लँडलाइनवर आयएसडीची सोय मागून सुरू करून घ्यावी लागते.

व्हॉट्सअ‍ॅपवर फुकट बोलता येतं मग हे कशाला, असं काकूंच्या सुनेने विचारलं. पण व्हॉट्सअ‍ॅपलाही माणूस सापडतो तो याच पूर्ण नंबरावरून. 07700 असा नंबर साठवला तर तो भारतातला समजला जातो आणि मुलगा यादीत दिसत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर थेट गप्पा उघडणारा दुवा करायचा असेल, तर त्यात पूर्ण नंबर लागतो, पण `+`, मोकळी जागा, कंस आणि सुरुवातीची शून्यं यातलं काहीच नको:

```
https://wa.me/447700900123
```

गोंधळ वाढवायला आणखी एक लेखनपद्धत हातभार लावते. ब्रिटिश कागदांवर, ई-मेलच्या खाली, पुष्कळदा नंबर असा छापलेला असतो: +44 (0)7700 900123. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो. बाहेरून लावाल तर कंसातलं सोडा, देशातून लावाल तर 44 सोडून कंसातलं घ्या. पण दोन वेगवेगळ्या वाचकांसाठीचे दोन नंबर एका ओळीत कोंबले की दोघेही अडखळतात. आंतरराष्ट्रीय लेखनाचा संकेतही असं कंसातलं शून्य लिहू नये असाच आहे. आपल्याकडेही हॉटेलांच्या आणि मंगल कार्यालयांच्या पत्रकांवर +91 0253 असं सर्रास छापतात. ते बरोबर नाही. +91 लिहिलं की 253 लिहायचं. परदेशातल्या भाचीने लग्नाची चौकशी करायला तो छापील नंबर लावला तर तिची गत काकूंच्या भाच्यासारखीच होते.

तिकडून इकडे येणाऱ्या फोनचंही बोललं पाहिजे, कारण मुलगा आता रोज आईला फोन करणार. त्याच्या फोनमध्ये आईचा नंबर नुसता दहा आकडी साठवलेला होता. भारतात असताना चालत होतं. लीड्समध्ये ब्रिटिश कार्ड घातल्यावर ते दहा आकडे ब्रिटिश यंत्रणेपुढे जातात, आणि तिला ते कळत नाहीत. इथल्या सवयीने त्याने पुढे शून्य लावलं तर आणखी वाईट. 9 ने सुरू होणाऱ्या नंबरापुढे शून्य लावलं की होतं 09, आणि ब्रिटनमध्ये 09 ने सुरू होतात ते मिनिटाला जादा पैसे आकारणाऱ्या सेवांचे नंबर. आईचा नंबर 7 ने सुरू होत असता तर तो तिकडचा मोबाइल नंबर झाला असता आणि कुणीतरी अनोळखी ब्रिटिश माणूस आईच्या नावाने उठला असता.

म्हणून परदेशी जायच्या आधी, इथे घरात बसून, फोनमधले सगळे नंबर +91 लावून साठवावेत. भारतात असताना +91 लावून केलेला फोन साध्या देशी कॉलसारखाच जातो, त्याला आयएसडीचा दर लागत नाही; ही भीती मी पुष्कळांकडून ऐकली आहे. आईबाबा, शेजारी, डॉक्टर, बँक, सगळे. बँकेच्या बाबतीत एक अडचण आहे. 1800 ने सुरू होणारे फुकट मदतीचे नंबर देशातल्या देशात चालण्यासाठी असतात आणि +91 लावूनही परदेशातून बहुधा लागत नाहीत. एटीएम कार्ड हरवलं की नेमका तोच नंबर हाताशी असतो. बँका परदेशातल्या ग्राहकांसाठी वेगळा, +91 ने सुरू होणारा नंबर देतात. निघण्याआधी तो शोधून साठवून ठेवावा.

आणि एक प्रश्न काकूंनी विचारला तो मला फार नेमका वाटला. "पहिले तीन दिवस त्याच्याकडे इथलंच कार्ड होतं. तेव्हा तर मी नेहमीसारखा फोन लावत होते आणि लागत होता. तेव्हाही तो लीड्सलाच होता की!" नंबर माणूस कुठे आहे त्यावर ठरत नाही, कार्ड कुठल्या देशाचं आहे त्यावर ठरतो. भारतीय कार्ड रोमिंगवर लीड्समध्ये असलं तरी तो भारतीयच नंबर. काकूंनी नेहमीसारखा लावायचा, त्यांना देशी दर. तिकडे उचलण्याचे रोमिंगचे पैसे मुलाच्या कार्डातून जाणार.

आता शून्य गाळायचा नियम सगळीकडे लागू आहे का? बऱ्याच ठिकाणी आहे. दुबईचा मोबाइल तिथे 050 ने सुरू होताना दिसतो, आपण +971 50 करायचं. सौदीचा 05, तो +966 5. इस्रायलमध्ये कोकणातून गेलेल्या बेने इस्रायली कुटुंबांत अजून मराठी बोलणारी माणसं आहेत. त्यांचेही मोबाइल 05 ने सुरू होतात, आपल्यासाठी +972 5. ऑस्ट्रेलियाचा मोबाइल 04 ने सुरू होतो. तिकडच्या नियामकाने नाटक-सिनेमांसाठी राखून ठेवलेला 0491 570 006 हा नंबर भारतातून +61 491 570 006 असा होईल. तसाच लावला तर 0491 हा आपल्याकडे केरळातल्या पालघाटचा एसटीडी कोड आहे.

पण काही देशांत हे शून्य कधी नव्हतंच, किंवा आता उरलेलं नाही. अमेरिकेचे नंबर दहा आकडी, +1 लावून जसेच्या तसे. सिंगापूर, ओमान, कतार, कुवेत, बहारीन इथे आठ आकडे, शून्य नाही. मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी कुटुंबं आहेत. तिथला मोबाइल 5 ने सुरू होणारा आठ आकडी, आधी +230, गाळायला काही नाही. रशियात ट्रंकचा आकडा शून्य नसून 8 आहे. तिथल्या माणसाने 8 ने सुरू होणारा अकरा आकडी नंबर दिला तर ते 8 काढून +7 लावायचं. आणि इटली मात्र अगदी उलट. तिथल्या लँडलाइनच्या नंबरातलं शून्य १९९८ पासून नंबराचाच भाग झालं आहे. रोमचा नंबर 06 ने सुरू होत असेल तर +39 06 असाच लावायचा. शून्य गाळलं तर हॉटेलला फोन लागणार नाही. मोबाइल तिथे 3 ने सुरू होतात, त्यांना शून्यच नाही. अशा अपवादांची यादी पाठ करण्यापेक्षा समोरच्यालाच एक गोष्ट मागावी: "तुझा नंबर प्लसपासून सांग." तो माणूस स्वतःच्या देशाचा कोड आणि शून्याचं काय करायचं ते ओळखतो. त्याहून सोपं म्हणजे त्याला एक मेसेज किंवा मिस्ड कॉल द्यायला सांगावं. परदेशी नंबर आपल्या पडद्यावर सहसा `+` आणि कोडसकटच उमटतो, तो तसाच साठवायचा.

काकूंनी मात्र वहीच काढली. मुलाचा नंबर मी त्यांच्यासमोर नव्याने लिहिला: अधिक, चव्वेचाळीस, मग सातपासून पुढे. त्यांनी लावला. दोनदा लागोपाठ टर्र-टर्र, मग थोडा थांबा, पुन्हा टर्र-टर्र, अशी तिकडची वेगळी रिंग वाजली आणि त्यांनी घाबरून फोन माझ्या हातात दिला. ती ब्रिटनची रिंग होती. पलीकडून "हॅलो, कोण?" आलं तसा त्यांनी फोन परत हिसकावून घेतला.

बोलून झाल्यावर वहीत खाली मस्कतच्या बहिणीचा नंबर होता, 968 पुढे आठ आकडे. काकूंनी पेन उचललं. "हिच्यातलं कुठलं गाळू?"

"काहीच नाही. फक्त अधिक लावा."

त्यांनी नंबर दोनदा मोजला, अकरा भरतात का बघितलं, आणि 968 च्या आधी ठळक अधिक काढला.